प्लास्टिक चढवलेली खडी खरंच जास्त मजबूत होते का?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला कुठल्याही पॉलिटेक्निकात किंवा इंजिनीअरिंग कॉलेजात जा, एक तरी गट 'टाकाऊ प्लास्टिकपासून रस्ता' हा प्रोजेक्ट करताना सापडतोच. कारण उघड आहे. प्लास्टिक फुकट मिळतं, खडी क्रशरवाला हसत देतो आणि लागणारी दोन यंत्रं प्रत्येक कॉलेजच्या ट्रान्सपोर्टेशन लॅबमध्ये असतात. निकालही ठरलेला असतो. प्लास्टिक चढवलं की इम्पॅक्ट व्हॅल्यू उतरते, अ‍ॅब्रेशन व्हॅल्यू उतरते, आलेख सुरेख खाली येतो आणि अहवालाच्या शेवटी वाक्य पडतं की प्लास्टिकमुळे खडीची ताकद वाढली. व्हायव्हाला पाहुणे परीक्षक मान डोलावतात.

आकडे खोटे नसतात. शेवटचं ते वाक्य मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. ते का, हे समजून घेतलं तर हाच घासून गुळगुळीत झालेला प्रोजेक्ट खरोखर काही सांगू शकतो.

आधी पद्धत. मदुराईच्या त्यागराजर कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ती घडवली आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्याची खडी डांबरात मिसळण्याआधी साधारण 165 ते 170 अंशांपर्यंत तापवतातच. त्या गरम खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकले की ते वितळतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात दगडावर पातळ थर बसतो. मग त्यावर डांबर. हिला 'ड्राय प्रोसेस' म्हणतात. 2013 साली इंडियन रोड्स काँग्रेसने तिच्यासाठी मार्गदर्शिका काढली, तिचा क्रमांक आयआरसी एसपी 98. तिच्यातली एक ओळ विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे: प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के.

डांबराच्या वजनाच्या. खडीच्या नव्हे. बहुतेक प्रोजेक्टांचा घोळ इथेच होतो.

हिशेब करून पाहू. एक किलो खडीला अंदाजे 50 ग्रॅम डांबर लागतं. त्याचे 8 टक्के म्हणजे 4 ग्रॅम प्लास्टिक. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या एक-दोन पिशव्यांत तेवढं वजन भरतं. आता कॉलेजांतले अहवाल पाहा. '5 टक्के, 10 टक्के, 15 टक्के प्लास्टिक' असे स्तंभ असतात आणि ते टक्के खडीच्या वजनावर काढलेले असतात. 10 टक्के म्हणजे किलोला 100 ग्रॅम. रस्त्यावर जेवढं पडतं त्याच्या पंचवीसपट.

फरक नजरेसमोर यावा म्हणून थराची जाडी काढू. इम्पॅक्ट चाचणीची खडी 10 ते 12.5 मिलिमीटरची असते. एक किलो अशा खडीचा सगळा पृष्ठभाग, खडे गोल धरले, तर साधारण 1950 चौरस सेंटिमीटर भरतो. 4 ग्रॅम पॉलिथिनचं घनफळ सुमारे 4.35 घन सेंटिमीटर. भागाकार केला की थर निघतो 22 मायक्रॉनचा, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. खडे कोनदार असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो आणखी पातळ. खऱ्या मिश्रणात तर खडीबरोबर कच आणि भुकटीही असते, त्यांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून तिथे थर अजूनच विरळ होतो. याउलट 100 ग्रॅम टाकले तर थर अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. दगडाला रबरी बूट घातल्यासारखी ती अवस्था आहे. बुटावर हातोडा मारून पायाच्या हाडांची ताकद कळत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती ही. नमुने तीन करा: साधी खडी, किलोला 3 ग्रॅम आणि किलोला 4 ग्रॅम. हौस असेल तर चौथा 100 ग्रॅमचा करा, पण तो थर जाड झाला की आकडा कसा फसवतो हे दाखवायला.

आता प्लास्टिक निवडणं. दुधाच्या पिशव्या सर्वांत सोयीच्या, कारण त्या पॉलिथिनच्या असतात. धुवून, वाळवून कात्रीने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे. पीव्हीसी मात्र चुकूनही येता कामा नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ओळख सोपी आहे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतात, पीव्हीसी बुडतं. बादलीत टाका, थोडं ढवळा, तळाशी गेलं ते बाजूला काढा. पेटची बाटलीही बुडते. ती तशीही या कामाची नाही, कारण 170 अंशांना ती वितळत नाही.

खडी धुतलेली हवी. क्रशरची धूळ तशीच राहिली तर प्लास्टिक दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं आणि नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. धुतलेली खडी ओव्हनमध्ये 100 ते 110 अंशांवर चार तास वाळवायची, मग लोखंडी कढईत 165 ते 170 अंशांपर्यंत तापवायची. तापमान थर्मामीटरनेच मोजा. धूर दिसला तर प्लास्टिक वितळण्यापलीकडे जाऊन जळू लागलं आहे, तो नमुना टाकून द्या. तुकडे शिंपडल्यावर मिनिटभर हलवत राहायचं आणि लगेच ट्रेमध्ये पसरून उलथन्याने खडे सुटे करायचे. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं आणि मग दोन-तीन खडे एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा होतो. असा गोळा 12.5 मिलिमीटरच्या चाळणीतून जात नाही, तरीही चाचणीत बसतो. म्हणून थर दिल्यावर खडी पुन्हा एकदा 12.5 आणि 10 च्या चाळण्यांतून काढलीच पाहिजे.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. साधी खडीसुद्धा त्याच कढईत, तेवढाच वेळ, तेवढीच तापवायची. दगड तापून थंड होताना त्यात सूक्ष्म भेगा पडू शकतात. एक नमुना तापवलेला आणि दुसरा न तापवलेला असला तर तुलना प्लास्टिकची होत नाही. आणि दोन्ही नमुने एकाच ढिगातून, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे भाग उचलून घ्यायचे. चपटे खडे एका नमुन्यात जास्त गेले तर तेवढ्यानेच निकाल फिरतो.

इम्पॅक्ट चाचणीची रीत आयएस 2386 च्या चौथ्या भागात दिली आहे. 75 मिलिमीटर व्यासाच्या आणि 50 मिलिमीटर खोलीच्या मापात खडी तीन थरांत भरायची, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके. मग ती यंत्राच्या कपात ओतून पुन्हा 25 ठोके, आणि वरून सुमारे 14 किलोचा हातोडा 380 मिलिमीटरवरून 15 वेळा सोडायचा. दोन घावांमध्ये किमान एक सेकंद जाऊ द्यायचा. शेवटी 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून जो चुरा खाली पडतो त्याचं मूळ वजनाशी टक्क्यांत प्रमाण म्हणजे इम्पॅक्ट व्हॅल्यू. आकडा जितका कमी तितका दगड घावाला चिवट.

एका घावाची ऊर्जा सुमारे 52 ज्यूल, पंधरा घावांची मिळून 780 च्या आसपास, आणि ती जेमतेम एक-तृतीयांश किलो खडीवर. खडे फुटतातच. प्रश्न हा की फुटलेलं कुठे जातं.

थर दिलेली खडी घाव घातल्यानंतर ट्रेमध्ये ओता आणि भिंगाखाली धरा. एखादा खडा अखंड दिसेल. बोटाने दाबा, त्याचे दोन-तीन तुकडे प्लास्टिकच्या पातळ सालीने एकमेकांना लटकून राहिलेले आढळतील. दुसऱ्यावर राखाडी चुरा सालीत रुतून बसलेला दिसेल. हा सगळा चुरा तुटलेल्या दगडाचाच आहे, पण चाळणीतून खाली पडला नाही, म्हणून हिशेबात आला नाही. चाचणी मोजते ती फक्त खाली पडलेला चुरा. तो कमी झाला म्हणजे दगड कमी फुटला, हे समीकरण साध्या खडीला लागू होतं. साल असलेल्या खडीत दगड कमी फुटला असेल किंवा फुटलेला भाग धरून ठेवला गेला असेल, आणि बहुधा दोन्ही झालेलं असतं. वेगळं करायचं तर साल काढावी लागते.

मार्ग अवघड नाही. डांबरी मिश्रणातलं डांबर जाळून त्याचं प्रमाण काढण्याची भट्टी रस्त्यांच्या प्रयोगशाळांत असतेच. तोच विचार इथे चालतो. चाळणीवर राहिलेली खडी मफल फर्नेसमध्ये 450 ते 500 अंशांवर ठेवायची, प्लास्टिक जळून जातं, मग थंड करून पुन्हा 2.36 च्या चाळणीतून काढायची. साध्या खडीचं चाळणीवर राहिलेलंही त्याच भट्टीतून काढायचं, म्हणजे उष्णतेने काही निसटलं तर ते दोन्हीकडे सारखं धरलं जाईल. भट्टीला धूर बाहेर नेणारी चिमणी असलीच पाहिजे आणि लॅब असिस्टंट सोबत असल्याशिवाय हे करू नये.

आकडे घालून पाहू. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या लॅबचे नाहीत. समजा साध्या खडीचा नमुना 340 ग्रॅम होता आणि चुरा पडला 44 ग्रॅम. इम्पॅक्ट व्हॅल्यू 12.9 टक्के. थराची खडी त्याच मापात 336 ग्रॅम बसली, कारण माप घनफळाचं आहे आणि सालीमुळे खडे थोडे सैल बसले. चुरा पडला 31 ग्रॅम, व्हॅल्यू 9.2. फरक 3.7 टक्क्यांचा. अहवाल इथेच संपतो आणि टाळ्या पडतात. आता चाळणीवरचं जाळून पुन्हा चाळलं आणि आणखी 9 ग्रॅम चुरा निघाला असं धरू. साध्या खडीतून भट्टीनंतर काहीच निघालं नाही. एकूण 40 ग्रॅम. नमुन्यातलं प्लास्टिक 1.3 ग्रॅम वजा केलं तर दगड 334.7 ग्रॅम. भागाकार येतो 12 टक्के. 3.7 टक्क्यांच्या सुधारणेतली 2.8 टक्के सुधारणा 'चुरा धरून ठेवण्याची' होती, दगड वाचवण्याची फक्त 0.9. आणि एकाच ढिगातल्या दोन साध्या नमुन्यांतही एखाद्या टक्क्याचा फरक सहज पडतो. म्हणजे हा 0.9 खरा आहे की योगायोग, हे सांगायला प्रत्येक प्रकारचे पाच-सहा नमुने तरी हवेत. नियमाप्रमाणे दोनांची सरासरी रोजच्या कामाला पुरते, तुलनेला नाही.

कुणी म्हणेल, चुरा धरून ठेवणं हासुद्धा फायदाच नाही का? काही अंशी आहे. पण त्याला 'दगडाची ताकद' म्हणू नये. शिवाय ही साल 27 अंशांच्या खोलीत जेवढी घट्ट असते तेवढी मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या रस्त्यावर नसते. आणि रस्त्यात ती सालीच्या रूपात उरतेच असं नाही. वरून 150 अंशांच्या पुढचं गरम डांबर येतं तेव्हा प्लास्टिकचा काही भाग पुन्हा मऊ होऊन डांबरात मिसळतो. यंत्राखाली आपण जो खडा ठेवतो तो रस्त्यात जसाच्या तसा नसतो.

लॉस एंजेलिस यंत्राची गोष्ट वेगळी आणि मला विचाराल तर जास्त रंजक. 700 मिलिमीटर व्यासाचं पोलादी पिंप, त्यात 5 किलो खडी आणि पोलादी गोळे. 20 ते 10 मिलिमीटरच्या खडीसाठी म्हणजे 'बी' ग्रेडिंगला 11 गोळे लागतात. मिनिटाला 30 ते 33 फेऱ्या, एकूण 500. मग 1.70 मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेलं धुवून, वाळवून तोलायचं. जेवढं घटलं ती अ‍ॅब्रेशन व्हॅल्यू.

इथे साल चुरा धरून ठेवायला फारशी टिकत नाही, कारण गोळे तिला खरवडून काढतात. चाळणीवर प्लास्टिकचे पापुद्रे दिसतील. ते दगड म्हणून तोलले जातात, पण 5 किलोत प्लास्टिक 20 ग्रॅमच, म्हणून चूक फार तर 0.4 टक्क्याची. खरी माहिती मिळते ती मधे थांबून. 100 फेऱ्यांनंतर यंत्र थांबवा, खडी न धुता चाळून तोला, चुऱ्यासकट सगळं परत पिंपात टाका आणि उरलेल्या 400 फेऱ्या पूर्ण करा. दगड आतबाहेर सारखाच कठीण असेल तर 100 फेऱ्यांची झीज ही 500 फेऱ्यांच्या झिजेच्या साधारण पाचवा हिस्सा असते. हे गुणोत्तर फार जुनं आहे, तरी प्रोजेक्टांत ते क्वचितच दिसतं.

पुन्हा समजावण्यापुरते आकडे. साधी खडी 100 फेऱ्यांना 3.1 टक्के झिजली, 500 ला 15.4. गुणोत्तर 0.20. थराची खडी 100 ला 1.6 आणि 500 ला 13.2. गुणोत्तर 0.12. आता पहिल्या शंभर फेऱ्या सोडून द्या आणि पुढच्या चारशेंत किती झिजलं ते पाहा. साधी 12.3, थराची 11.6. असे आकडे आले तर अर्थ सरळ आहे: सालीने सुरुवातीला दगड वाचवला, ती निघून गेली आणि मग दगड आपल्या मूळ चालीने झिजू लागला. फक्त 500 फेऱ्यांचा आकडा लिहिला असता तर '15.4 वरून 13.2' एवढंच दिसलं असतं आणि ही सगळी हकीकत हातातून निसटली असती. यासाठी वेगळा खर्च शून्य, चाळणीचं काम मात्र दुप्पट.

आता महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी एक अडचणीचा मुद्दा. रस्त्याच्या वरच्या डांबरी थरासाठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमात इम्पॅक्ट व्हॅल्यू 24 पर्यंत किंवा अ‍ॅब्रेशन 30 पर्यंत चालते. आपला दख्खनचा ताजा काळा पाषाण यात आरामात बसतो. चांगल्या खाणीच्या बेसाल्टची इम्पॅक्ट व्हॅल्यू दहा-पंधराच्या घरात असते. जो विद्यार्थी 35 गुणांच्या परीक्षेत आधीच 80 घेतो आहे, त्याला 83 मिळाले तर निकाल बदलत नाही. फरक पडेल तो कोकणातल्या जांभ्यासारख्या किंवा पोकळ्यांनी भरलेल्या कुजक्या बेसाल्टच्या बाबतीत, जिथे दगड मर्यादेच्या जरा बाहेर असतो. आणि धोकाही तिथेच आहे. 26 ची खडी साल चढवून 22 ची दाखवता येते आणि कागदावर ती पास होते. वर पाहिलं तसं त्यातला मोठा भाग धरून ठेवलेल्या चुऱ्याचा असेल तर गाडीच्या चाकाखाली तो दगड 26 चाच आहे. माझं मत विचाराल तर खडीची निवड नेहमी साध्या, साल न चढवलेल्या नमुन्यावरच व्हावी. प्लास्टिक नंतर यावं.

मग प्लास्टिकचा खरा फायदा कुठे शोधायचा? पाण्यात. आपल्याकडचे रस्ते पावसाळ्यात उखडतात ते खडी फुटल्यामुळे कमी आणि खडी व डांबर यांच्यामध्ये पाणी शिरून डांबर सुटल्यामुळे जास्त. पॉलिथिनची साल पाणी धरत नाही आणि डांबराशी तिचं जमतं, म्हणून सुधारणा व्हायला हवी ती या पकडीत. ती तपासायची चाचणी आयएस 6241 मध्ये आहे आणि ती हातोडा-पिंपापेक्षा स्वस्त पडते. 20 ते 12.5 मिलिमीटरची 200 ग्रॅम खडी, तिला 5 टक्के म्हणजे 10 ग्रॅम डांबर, दोन्ही गरम करून नीट माखायचं, बीकरमध्ये थंड होऊ द्यायचं, वर डिस्टिल्ड पाणी घालून 40 अंशांच्या वॉटर बाथमध्ये 24 तास ठेवायचं. मग किती पृष्ठभाग उघडा पडला ते डोळ्यांनी ठरवायचं. पाच टक्क्यांहून जास्त डांबर सुटलेलं चालत नाही. थराच्या नमुन्यात प्लास्टिक लागेल 0.8 ग्रॅम.

यातही एक सावधगिरी हवी. बेसाल्टला डांबर मुळात चांगलं चिकटतं, ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटसारख्या सिलिकायुक्त दगडांना कमी. भंडारा-गोंदियाकडचा किंवा सिंधुदुर्गातला असा दगड मिळाला तर फरक ठळक दिसेल, पुण्या-नाशिकच्या बेसाल्टवर कदाचित दोन्ही बीकर सारखेच निघतील. आणि 'डोळ्यांनी ठरवायचं' हे या चाचणीचं मोठं दुबळेपण आहे. ज्याने नमुने तयार केले त्याने ते पाहू नयेत. बीकरवर फक्त क्रमांक घालून दुसऱ्या गटाच्या तिघांना वेगवेगळे आकडे लिहायला सांगा.

यंदा हा प्रोजेक्ट घेतलेल्यांनी अहवालात चार गोष्टी तरी स्पष्ट लिहाव्यात: प्लास्टिक किलोला किती ग्रॅम आणि ते डांबराच्या किती टक्के, साधी खडी तापवली होती का, साल जाळल्यानंतरची इम्पॅक्ट व्हॅल्यू काय आली आणि 100 ते 500 फेऱ्यांचं गुणोत्तर किती निघालं. सुधारणा नगण्य निघाली तर तसंच लिहा. परीक्षकाने गुण कापले तर त्याला 1.3 ग्रॅमचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा.